एरिअर्स आले, तरी बाबा खर्च का करत नाहीत?

घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, तर सध्या जेवणाच्या ताटावर हमखास निघणारा विषय म्हणजे आठवा वेतन आयोग. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नेमला आणि अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत दिली. आधीच्या आयोगांची प्रथा पाहिली, तर वाढ १ जानेवारी २०२६ पासून धरली जाईल असाच बहुतेकांचा हिशेब आहे. म्हणजे पगार वाढणार उशिरा, पण मागच्या महिन्यांची थकबाकी, आपल्या भाषेत एरिअर्स, एकदम हातात पडणार. मग तुम्ही मनातल्या मनात बाइक, लॅपटॉप, गोव्याची ट्रिप अशी यादी करता आणि बाबा शांतपणे म्हणतात, ‘आले की एफडी करून टाकू.’

हा निव्वळ कंजूषपणा नाही. बाबांनी मिल्टन फ्रीडमन वाचलेला नसेल, पण ते वागतायत अगदी त्याने सांगितलं तसंच. १९५७ साली फ्रीडमनने उपभोगावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा : माणूस या महिन्यात किती आले यावर खर्च ठरवत नाही. साधारण किती येत राहणार आहेत, यावर ठरवतो. या ‘येत राहणाऱ्या’ रकमेला त्याने स्थायी उत्पन्न म्हटलं. अधूनमधून मिळणारं किंवा अचानक बुडणारं ते तात्पुरतं उत्पन्न. खर्च पहिल्याला चिकटून चालतो आणि दुसरं बहुतांशी बचतीत जातं किंवा बचतीतून भरून निघतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण आकडे घेऊन बसलं, की यातली गंमत कळते. आठव्या आयोगाचे आकडे अजून यायचेत, म्हणून सातव्याचे घेऊ.

सातव्या आयोगात केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या पदाचं मूळ वेतन ७,००० वरून १८,००० रुपये झालं. ‘२.५७ पट’ म्हणून तेव्हा मथळे झळकले. पण जुन्या ७,००० वर १२५ टक्के महागाई भत्ता मिळतच होता, म्हणजे ८,७५० रुपये. दोन्ही मिळून हातात १५,७५० होते. नव्या १८,००० मध्ये तो भत्ता आधीच विरघळवलेला होता. घरभाडे भत्ता आणि कपाती बाजूला ठेवल्या, तर खरी वाढ महिन्याला २,२५० रुपये, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास. मथळ्यातले ११,००० आणि खिशातले २,२५० यांतला फरक ज्या कर्मचाऱ्याला कळत होता, त्याला आपलं स्थायी उत्पन्न नेमकं कितीने वाढलं तेही कळत होतं. (आठव्या आयोगाचा ‘फिटमेंट फॅक्टर’ जाहीर होईल, तेव्हा हाच हिशेब करून पाहा. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या निम्म्या पोस्टमध्ये तो केलेला नसतो.)

आता एरिअर्स. वाढ १ जानेवारी २०१६ पासूनची होती आणि थकबाकी आली ऑगस्टच्या पगाराबरोबर. सात महिने गुणिले २,२५०, म्हणजे १५,७५० रुपये. योगायोगाने जुन्या पगाराएवढीच रक्कम. त्या महिन्यात या माणसाच्या खात्यात १८,००० अधिक १५,७५० असे ३३,७५० रुपये आले. मागच्या महिन्याच्या दुपटीहून जास्त. मग त्याने खर्चही दुप्पट करावा का?

तो असं पाहील. दरमहा वाढलेले २,२५० पुढच्या महिन्यातही येणार आहेत, त्याच्या पुढच्याही. त्यामुळे मुलीचा क्लास, दुधाचा रतीब, थोडं बरं भाड्याचं घर असे कायमचे खर्च त्यावर बेतता येतात. १५,७५० मात्र एकदाच आले. ते बँकेत ठेवले आणि महागाई वजा जाता तीन टक्के व्याज सुटलं असं धरलं, तर वर्षाला साधारण ४७० रुपये मिळतील. महिन्याला चाळीस! मुद्दलाला हात न लावता या थकबाकीने त्याचं राहणीमान कायमचं वाढवायचं म्हटलं, तर ते दरमहा चाळीस रुपयांनी वाढेल. त्या महिन्याच्या पासबुकात एरिअर्सची रक्कम पगारवाढीच्या सातपट दिसते. आयुष्यभराच्या हिशेबात मात्र पगारवाढीचं वजन एरिअर्सच्या पन्नास पटींहून जास्त आहे.

इथे तुम्ही म्हणाल, ‘पण एरिअर्स आले की आमच्याकडे फ्रिज येतो की!’ खरंय. वेतन आयोगाच्या वर्षी दुकानदार खूश असतात, ते उगाच नाही. पण फ्रीडमनच्या हिशेबात फ्रिज विकत घेणं म्हणजे त्या महिन्याचा उपभोग नव्हे. १५,००० चा फ्रिज दहा वर्षं चालला, तर तुम्ही दर महिन्याला १२५ रुपयांचं गार पाणी आणि टिकलेली भाजी ‘खाताय’. बाकीची रक्कम फ्रिजच्या रूपाने स्वयंपाकघरात शिल्लक उभी आहे. म्हणूनच एकरकमी पैसा आला की लोक सोनं, गाडी, फ्रिज, घराचं रंगकाम याकडे वळतात, पण रोजचं जेवण बदलत नाही. ही बचतच आहे, फक्त तिला दार आणि कॉम्प्रेसर असतो.

सरकारलाही हे ठाऊक असतं, आणि सरकारची पंचाईतही इथेच होते. ऑक्टोबर २०२० आठवा. लॉकडाऊननंतर बाजारात मागणी नव्हती. अशा वेळी कर्मचाऱ्यांच्या हातात सरळ पैसे दिले असते, तर पुढे काय होईल या भीतीने त्यांनी ते बँकेत टाकले असते. म्हणून अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘एलटीसी कॅश व्हाउचर’ आणलं. प्रवास न करता प्रवासभाड्याचा लाभ घ्या, पण त्यासाठी भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी करा, तीही १२ टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंची, डिजिटल पैसे देऊन, ३१ मार्च २०२१ च्या आत. सोबत १०,००० रुपयांचा बिनव्याजी सण अग्रिम होता आणि तो रोख न देता खर्चायची मुदत घातलेल्या रुपे कार्डावर दिला. एवढ्या अटी कशासाठी? तर पैसा गादीखाली जाऊ नये म्हणून.

तरी यातून वाट निघतेच. ज्याला दिवाळीत वॉशिंग मशिन घ्यायचंच होतं, त्याने ते व्हाउचरवर घेतलं आणि मशिनसाठी बाजूला काढलेले स्वतःचे पैसे बँकेत राहू दिले. कागदावर खरेदी झाली, पण देशाच्या एकूण मागणीत भर किती पडली, हा प्रश्न उरलाच. तात्पुरत्या पैशाने कायमची सवय बदलत नाही, हे अमेरिकेने १९६८ मध्येच उलट्या बाजूने पाहिलं होतं. महागाई रोखायला तिथे प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार लावला, पण तो तात्पुरता असल्याचं आधीच सांगून टाकलं. लोकांनी खर्च फारसा आवरला नाही. बचत थोडी कमी केली आणि कर भरला.

आता पगारदारांच्या कॉलनीतून जरा बाहेर या. ही कल्पना फ्रीडमनला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती शेतकऱ्यांबाबत. समजा, एका सर्व्हेवाल्याने यंदा दोन घरांची नोंद केली. एक सरकारी क्लार्क, वर्षाला ४ लाख ८० हजार. दुसरा नाशिककडचा कांदा उत्पादक, यंदा भाव लागला म्हणून त्याचेही ४ लाख ८० हजार. क्लार्क खर्च करतो ४ लाख, शेतकरी अडीच लाख. सर्व्हेवाला लिहितो, ‘शेतकरी फार काटकसरी.’ पुढच्या वर्षी कांदा मातीमोल होतो. शेतकऱ्याला मिळतात एक लाख आणि तो खर्च करतो पुन्हा अडीच लाख. आता तोच सर्व्हेवाला लिहितो, ‘शेतकरी उधळे, कमाईच्या अडीचपट खर्च!’ खरं तर शेतकरी दोन्ही वर्षी एकच गोष्ट करत होता. चांगली-वाईट वर्षं मिळून आपल्याला साधारण अडीच-तीन लाख सुटतात, हे त्याला माहीत होतं आणि त्याने घर त्यावर चालवलं.

फ्रीडमनने नेमकं हेच दाखवलं. एखाद्या वर्षी ज्यांचं उत्पन्न जास्त दिसतं, त्यांच्यात ‘यंदा नशीब फळलेले’ बरेच असतात, आणि कमी दिसणाऱ्यांत ‘यंदा फटका बसलेले’. म्हणून एका वर्षाच्या आकड्यांत श्रीमंत भरपूर बचत करताना आणि गरीब उसनवारी करताना दिसतात. ज्यांचं उत्पन्न जास्त हेलकावे खातं, त्यांच्यात हा भास जास्त. पुढच्या वेळी ‘गरिबांना बचतीची सवयच नाही’ असं कुणी चार्ट दाखवून सांगितलं, तर हे एका वर्षाचे आकडे आहेत का, एवढं विचारा.

पण एक लाखाच्या वर्षी अडीच लाख खर्चायला वरचे दीड लाख येतात कुठून? फ्रीडमनच्या पुस्तकात बँक असते. आपल्या गावात काय असतं, याचं उत्तर आपल्याकडच्याच दोन गावांनी जगाला दिलं. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेने १९७५ पासून दहा वर्षं काही गावांत तळ ठोकून घरटी नोंदी ठेवल्या. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा ही गावं होती. दर गावात चाळीस घरं, भूमिहीनांपासून मोठ्या शेतकऱ्यांपर्यंत. कोरडवाहू भाग, त्यामुळे उत्पन्नाचा भरवसा नाही. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थतज्ज्ञाने या दोन गावांबरोबर आताच्या तेलंगणातलं औरेपल्ली घेतलं आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडला. घरांची कमाई जेवढी वरखाली होते, तेवढा त्यांचा खर्च होत नाही. एखाद्या घराचा खर्च त्याच्या स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर जास्त हलतो. म्हणजे एकाचं पीक बुडालं, तरी त्याची चूल इतरांच्या चुलीबरोबर जळत राहते. हातउसने, धान्याची देवघेव, सावकार, साठवलेली ज्वारी हे सगळं मिळून बँकेचं काम करतं. हे कवच सगळ्यांना सारखं मात्र नव्हतं. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना ते इतरांपेक्षा कमी मिळत होतं.

आणि दुष्काळ पडला की सगळ्या गावाचंच पीक जातं. मग उसनं देणार कोण? याच नोंदींवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये एक गोष्ट दाखवली, जी वाचून मी तरी थांबलो होतो. लेकी लांबच्या गावात देण्यामागे पावसाचाही हिशेब असतो. इथे पाऊस चुकला, तरी व्याह्यांच्या गावात तो झालेला असू शकतो. अशा सोयरिकी असलेल्या घरांचा खर्च कमी हेलकावत होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नांकडे या नजरेने पाहिलं, तर जरा चमत्कारिक वाटतं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न समीकरणात बसत नाही.

शेवटचा उपाय बैल. रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की वाईट वर्षी शेतकरी बैल विकून घर चालवतात. खर्च सपाट राहिला, सिद्धांत जिंकला. पण पेरणी आली की नांगराला बैल नाही. भाड्याची जोडी मिळेल तेव्हा पेरायचं, म्हणजे उशीर, म्हणजे पुढचं पीकही कमी. आजचं पोट सपाट ठेवण्यासाठी उद्याचं उत्पन्न विकावं लागलं. खर्चाची रेघ सरळ दिसली म्हणजे घर सुखरूप आहे, असं म्हणूनच समजायचं नसतं. ती सरळ ठेवायला काय विकलं, तेही बघावं लागतं. बैलाच्या जागी आज आईची बांगडी असू शकते, किंवा तुमच्या एखाद्या मित्राने मध्येच सोडलेलं कॉलेज.

आता तुमच्याकडे येऊ. फ्रीडमनच्या थोडं आधी, १९५४ मध्ये, फ्रँको मोदिलियानी आणि रिचर्ड ब्रमबर्ग यांनी हाच विचार संपूर्ण आयुष्यावर ताणून जीवनचक्राची कल्पना मांडली. समजा, तुम्ही २५ ते ६० अशी ३५ वर्षं कमावणार, महिन्याला ५५,००० प्रमाणे, आणि ८० पर्यंत जगणार. व्याज आणि महागाई दोन्ही सोडून देऊ. तर ३५ वर्षांची कमाई ५५ वर्षांवर पसरायची आहे. महिन्याला ३५,००० खर्च, २०,००० शिल्लक, आणि निवृत्तीनंतर त्याच शिलकीतून पुन्हा ३५,०००. पंचविशीच्या आधी तर कमाई शून्य, म्हणून तेव्हा आईवडील किंवा शैक्षणिक कर्ज. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होणारं ते कर्ज म्हणजे जीवनचक्राच्या आलेखाचा डावा कोपराच आहे : पुढच्या कमाईतून आजची फी.

म्हणून पेन्शनचा वाद केवळ काका-मावशींचा नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते, तेव्हा भांडण होतं ते त्या २०,००० चं. जुन्या योजनेत म्हातारपणची रक्कम ठरलेली, जोखीम सरकारची. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांना तेव्हा मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम दरमहा बाजूला टाकावी लागत होती आणि पुढे किती मिळेल ते बाजारावर होतं. हातातला पगार सारखा असला, तरी या दोन कर्मचाऱ्यांचं स्थायी उत्पन्न सारखं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सीनियर सढळ का आणि ज्युनियर हात राखून का, याचं एक उत्तर इथे मिळतं.

या सगळ्यात एक मोठी फट आहे, आणि तुमच्यातले बरेच जण त्याच फटीत राहतात. पुढे कमाई होणार हे तुम्हाला माहीत असून चालत नाही, ते बँकेलाही पटावं लागतं. २६ व्या वर्षी तुम्हाला ५५,००० मिळणार असले, तरी आज १९ व्या वर्षी त्यावर मेसचे पैसे कुणी उसने देत नाही. ज्याच्याकडे साठा नाही आणि ज्याला कर्जही मिळत नाही, तो आलेल्या पैशावरच जगतो. महिन्याच्या पाच तारखेला घरून पैसे आले की मिसळ-बिर्याणी, पंचवीस तारखेला मॅगी. डिलिव्हरी करणारा, ज्याचा आठवडा पावसावर आणि ऑर्डरींवर ठरतो, त्याला एक हजार जास्त मिळाले तर तो ते बहुधा लगेच खर्चतो, कारण चप्पल, औषध, थकलेलं भाडं आधीच वाट बघत असतं. त्याला उधळ्या म्हणणं म्हणजे त्या सर्व्हेवाल्याचीच चूक. मंदीत बाजार हलवायचा असेल, तर दहा हजार रुपये कायम नोकरीवाल्याला देण्यापेक्षा अशा माणसाला दिलेले जास्त फिरतील, ते याचमुळे.

फट ओळखायची खूणही सोपी आहे. ज्या घराकडे उशी आहे, तिथे बातमी आली की खर्च बदलतो आणि पैसे आल्यावर विशेष काही होत नाही. ज्या घराकडे ती नाही, तिथे बातमीने काही हलत नाही, पैसे आले की हलतं.

आठव्या आयोगाचं असंच बघा. सहाव्या आयोगाची वाढ १ जानेवारी २००६ पासून धरली होती, पण निर्णय २००८ मध्ये झाला. थकबाकी इतकी फुगली, की केंद्राने ती ४० आणि ६० टक्के अशा दोन आर्थिक वर्षांत दिली. सातव्याचा अहवाल वाढीच्या तारखेआधीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये आला होता, म्हणून एरिअर्स सात महिन्यांवर भागले. महाराष्ट्राने मात्र सातवा आयोग जानेवारी २०१९ मध्ये लागू केला आणि तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत देताना जुन्या पेन्शनवाल्यांची रक्कम भविष्य निर्वाह निधीत वळवली. तिजोरीची अडचण होतीच, पण बाबांनी जे स्वतःहून केलं असतं, ते सरकारने परस्पर केलं. यावेळी आयोगाची मुदतच १ जानेवारी २०२६ च्या बऱ्याच पुढे संपतेय. वाढ त्या तारखेपासून मिळाली, तर एरिअर्स सात महिन्यांचे नक्कीच नसतील.

तेव्हा बाइकची मागणी करायचीच असेल, तर ती एरिअर्सच्या एसएमएसची वाट बघत लांबवू नका. फिटमेंट फॅक्टर जाहीर झाला, की महागाई भत्ता वजा करून महिन्याला खरी वाढ किती ते काढा आणि हप्ता त्यात बसतो का ते बाबांना दाखवा. एरिअर्समधून मागितलीत, तर ते एफडीचंच नाव घेतील. आणि घरचा फ्रिज जुना असेल, तर बाइकच्या आधी त्याचा नंबर आहे, हेही गृहीत धरा.